नवमांशात शुक्र नीच, म्हणजे संसारसुख नाही?

प्रश्न: माझं कन्या लग्न. शुक्र सप्तमात मीनेत ८ अंशांवर, उच्चीचा. गुरू लाभात कर्केत साडेचौदा अंशांवर. पण नवमांशात शुक्र कन्येत, नीचेचा. आमचे गुरुजी म्हणतात, संसारसुख नाही. घरी स्थळं बघतायत, काय समजायचं?

उत्तर: गुरुजींचं गणित बरोबर आहे. राशीचे ३ अंश २० कलांचे नऊ भाग करतात आणि जलराशींत मोजणी कर्केपासून सुरू होते. मीनेतला तिसरा भाग, म्हणजे ६ अंश ४० कला ते १० अंश, कन्येचा. तुमचा शुक्र नेमका तिथे आहे.

निकाल मात्र घाईचा वाटतो. परंपरेत शुक्रावरून ओढ आणि सहवासाचं सुख पाहतात. नातं किती तग धरेल हे आधी सप्तमेशावरून. तुमचा सप्तमेश गुरू. तुम्ही मुलगी असाल तर पतीचा कारकही तोच. तो कर्केत उच्चीचा आहे आणि तिथून नवव्या दृष्टीने थेट शुक्राकडे पाहतो. नवमांशात तो वृश्चिकेत, म्हणजे मित्र मंगळाच्या राशीत. सप्तमेश दोन्हीकडे सुस्थितीत असताना मी लग्न मोडण्याची भाषा करणार नाही. कन्येतल्या शुक्राचं फळ मी असं वाचतो: बाहेरून हेवा वाटावा असं जोडपं, घरात मात्र बारीकसारीक चुका काढणं, आणि कौतुक हातचं राखून. गुरूही मकर नवमांशात नीच असता आणि नवमांशलग्नापासून सप्तमात पापग्रह असते, तर मीही गुरुजींच्या बाजूला झुकलो असतो.

या नवमांशलग्नाबाबत जरा जपून. ते सरासरी दर तेरा-चौदा मिनिटांनी बदलतं. दवाखान्यात जन्मवेळ 'साधारण चार' अशी लिहिली असेल, तर नवमांशातल्या घरांवरून काहीच सांगू नये. शुक्राचं तसं नाही; नेहमीच्या गतीने तो एका नवमांशात पावणेतीन दिवस असतो, त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी तो सहसा तिथेच राहतो.

पण पंचांग बदललं तर तोही हलतो! आपल्याकडे बहुतेक पत्रिका चित्रापक्षाच्या अयनांशांवर, म्हणजे दाते पंचांगाप्रमाणे असतात. टिळक पंचांग रैवतपक्षाचं. त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी, म्हणून ग्रह तेवढेच पुढे दिसतात. नवमांश तर सव्वातीन अंशांचाच. त्या हिशेबाने तुमचा शुक्र मीनेत १२ अंशांवर येतो आणि नवमांश होतो तुळेचा, म्हणजे स्वराशीचा. गुरू साडेअठरावर जाऊन धनु नवमांशात, तोही स्वराशीत. माणूस तोच, जन्मवेळ तीच, आणि एक नीच ग्रह स्वगृही!

कुठलं पंचांग खरं, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, त्यात मी पडत नाही. पण स्थळाची पत्रिका आली की ती कुठल्या पंचांगावर केली आहे ते आधी विचारा आणि दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीने मांडून घ्या. तुमची दात्यांवरून आणि समोरची टिळकांवरून असेल, तर नवमांश जुळवण्यात काही अर्थ नाही.