ओटीपीचं सिम खिशात घेऊन हिंडू नका

प्रश्न: परदेशात फोन हरवला किंवा चोरीला गेला तर तिकीट, पैसे आणि ओळखीचा पुरावा हाताशी राहावा म्हणून आधी काय करून ठेवावं? पहिल्यांदाच चाललोय, सगळं फोनमध्येच आहे.

शिरोलीत आमची छोटी फाउंड्री आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गिफा नावाचं ओतकामाचं मोठं प्रदर्शन भरतं. जून 2023 मध्ये मी त्यासाठी गेलो होतो. निघायच्या आदल्या रात्री पासपोर्ट, विमा, तिकीट, हॉटेलचं बुकिंग यांच्या झेरॉक्स फाइलला लावत बसलो होतो. पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "काका, एवढी रद्दी कशाला नेताय? सगळं ड्राइव्हवर टाकून दिलंय की. फोन गेलाच तर कुठल्याही कॉम्प्युटरवरनं उघडायचं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रदर्शनाहून शहरात येणाऱ्या ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उतरलो तेव्हा जाकिटाचा खिसा मोकळा.

सोबत इचलकरंजीचे एक ओळखीचे कारखानदार होते. त्यांच्या फोनवरून माझा फोन शोधावा, नाहीतर निदान त्यातलं सगळं पुसून टाकावं म्हणून ईमेल खात्यात शिरायला गेलो. पासवर्ड तोंडपाठ होता. तो टाकल्यावर समोर आलं की तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, ती मंजूर करा. दुसरा मार्ग निवडला तर मोबाइल नंबरवर ओटीपी. तिसरा निवडला तर ऑथेंटिकेटर अॅपमधला आकडा. तिन्ही वाटा त्या एकाच फोनात जात होत्या. ड्राइव्हवरचे कागद जागच्या जागी होते, पण त्या कपाटाची किल्ली चोराच्या खिशात होती. पासवर्ड बरोबर असूनही मी माझ्याच खात्याबाहेर उभा होतो.

मग बँक. 1800 ने सुरू होणारा नंबर तिकडून लागेचना. फाइलमध्ये बँकेचा +91 वाला नंबर लिहिलेला होता, त्यावर यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करून घेतलं. सिम बंद करायला कोल्हापुरात धाकट्या भावाला सांगितलं, कारण घरचा एवढा एकच नंबर मला पाठ होता. त्यानं ते केलं, पण चोरी झाल्यापासून तोवर पाऊण तास गेला होता. त्या पाऊण तासाचा विचार करून मला रात्रभर झोप लागली नाही. फोनला लॉक होतं, सिमला नव्हतं. ते सिम काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घातलं असतं तर माझे ओटीपी सरळ तिकडे गेले असते. डुप्लिकेट सिम भावाला मिळालं नाही. ज्याच्या नावावर आहे त्यानंच ओळखपत्र घेऊन यायचं, असं उत्तर मिळालं. ते बरोबरच आहे, नाहीतर कुणीही जाऊन माझं सिम काढून आणेल. पण याचा अर्थ असा की घरी पोचेपर्यंत मला एकही ओटीपी मिळणार नव्हता.

पैशाचं निभावलं ते फॉरेक्स कार्डावर, म्हणजे इथूनच परकीय चलन भरून नेलेल्या कार्डावर. दुकानात चिप घालून पिन दाबायचा, एटीएमलाही पिनच, ओटीपी कुठंच लागत नाही. क्रेडिट कार्ड मात्र असून नसल्यासारखं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा. मी तो 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून ठेवला होता, आणि ते बटण होतं बँकेच्या अॅपमध्ये. तेव्हा दोन कार्डं न्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, परदेशी वापर इथूनच चालू करून मर्यादा घाला, आणि पिन एकदा इथल्या एटीएमवर वापरून बघा.

तिकिटाची काळजी सगळ्यात कमी करा. पीएनआर कागदावर होता, पासपोर्ट अंगावर होता, काउंटरवर बोर्डिंग पास मिळाला. ओळख म्हणजे तिकडे पासपोर्टच. आधारला तिकडे कोण विचारतो? आणि डिजिलॉकरमध्ये नव्यानं शिरायचं तर पुन्हा ओटीपी आलाच. पोलिसांत तक्रार देताना आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर मागितला, तो भावानं घरी ठेवलेल्या खोक्यावरून वाचून सांगितला. तुम्ही आजच `*#06#` दाबून कागदावर उतरवा.

आता मी काय करतो ते सांगतो. गूगल खात्यात `myaccount.google.com` वर जाऊन सिक्युरिटीमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन उघडलं की बॅकअप कोड मिळतात. आठ आकडी दहा कोड असतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. हेच ते कागद जे माझ्या फाइलमध्ये नव्हते. सूचना नको, ओटीपी नको. पासवर्ड टाकायचा, कोड टाकायचा, आत. छापून एक प्रत बॅगेत आणि एक घरी भावाकडे असते. बॅगही गेली तर तो फोनवर वाचून दाखवेल.

दुसरं, भारतातलं सिम जुन्या फोनमध्ये घालून तो फोन हॉटेलच्या तिजोरीत ठेवतो. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतो, म्हणजे ओटीपी तिथं येतात. बाहेर हिंडायला नेतो त्या फोनमध्ये तिकडचं सिम. तो गेला तर एक फोन गेला, बँक गेली नाही.

तिसरं, सिमलाच पिन लावतो. फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तो पिन मागतो. लावताना आधीचा पिन विचारला जातो, तो कंपनीकडून कळून घ्या, अंदाजानं टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके कोड लागतो.

पुतण्या अजून म्हणतो, "दुसरा फोन नेला असता तर कागदाची गरजच नव्हती." घरातल्या प्रत्येक कार्यात हा विषय निघतो, म्हणून एकदा स्पष्ट लिहितो. नुसता दुसरा फोन नेऊन काहीही झालं नसतं. त्यावर घरूनच लॉगिन केलेलं नसेल तर तोही दारात उभा करून पहिल्या फोनचीच परवानगी मागतो, कोरा फोन आणि हॉटेलचा कॉम्प्युटर यात काही फरक नाही. लॉगिन करून नेला तर मंजुरीची सूचना त्यावरही येते, एवढं त्याचं मला मान्य आहे. पण तो फोन बंद पडला, चार्जर राहिला, तर? कागदाला चार्जिंग लागत नाही. फाइलला रद्दी म्हणाला होता तो, आणि त्या रद्दीतल्या बँकेच्या नंबरामुळेच खातं वाचलं.

काही गोष्टी राहिल्या. कोडच्या कागदावर पासवर्ड किंवा ईमेल पत्ता लिहू नका. नवे कोड काढले की जुने रद्द होतात, तेव्हा घरची प्रतही बदला. ईसिम असेल तर चोराला ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही, हा फायदा आहे. आयफोनवाल्यांना `icloud.com/find` वर फोन शोधायला पडताळणीचा कोड लागत नाही, पासवर्ड पुरतो, तेव्हा तो पाठ असू द्या. आणि परत आल्यावर डुप्लिकेट सिम घेतलं की पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. मला हे माहीत नव्हतं, माल उतरवून घेऊन वाहतूकदाराला पैसे द्यायचे होते, शेवटी भावानं त्याच्या खात्यातून भरले.