पाळीत गुठळ्या पडणं: कधी चालतं, कधी दाखवायचं

प्रश्न: वय 34, इंदूरला राहते. पाळीच्या दुसऱ्या दिवशी काळपट लाल गुठळ्या पडतात, कलेजीच्या तुकड्यासारख्या. सासूबाई म्हणतात खराब रक्त आहे, जाऊ दे. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर:

गुठळी दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान असेल, दिवसात दोन-चारच पडत असतील आणि पॅड तीन-चार तास टिकत असेल, तर घाबरू नका. नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गुठळ्या दर पाळीत पडत असतील, किंवा पॅड तास-दोन तासांत भिजत असेल, तर हे जास्त रक्तस्राव होत असल्याचं लक्षण आहे. मग दाखवा.

मी इथे रामबागेत राहते. स्त्रीरोग ओपीडीत बावीस वर्षं नर्स होते, आता घरी असते. तुमचा प्रश्न त्या बावीस वर्षांत रोज कुणी ना कुणी विचारायचं, बहुतेक वेळा दार लोटून, आवाज खाली करून.

आधी ते ‘खराब रक्त’. तसं काही नसतं. बोट कापलं की जे येतं तेच हे रक्त, त्यात गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि थोडा स्राव मिसळलेला. बोटावरचं रक्त गोठतं, मग पाळीचं पातळ का येतं? कारण गर्भाशयाचं अस्तर गुठळी विरघळवणारी द्रव्यं स्वतःच सोडतं. आत रक्त गोठतं आणि बाहेर येईपर्यंत पुन्हा पातळ होतं. स्राव बेताचा असला तर या विरघळवण्याला पुरेसा वेळ मिळतो. जोर वाढला की मिळत नाही, आणि न विरघळलेलं रक्त तसंच बाहेर पडतं. म्हणजे गुठळी हा आजार नाही, आतून रक्त किती वेगाने येतंय याची ती खूण आहे. दुसऱ्या दिवशी जास्त पडतात त्याही याच कारणाने, कारण बहुतेकींचा जोराचा दिवस तोच असतो.

सकाळी उठल्या उठल्या पडणारी एखादी गुठळी मात्र वेगळ्या हिशेबात धरा. रात्रभर आडवं असताना रक्त योनीत साचून राहतं, गोठतं, आणि उभं राहिलं की एकदम येतं. तेवढ्यावरून स्राव जास्त आहे असं म्हणता येत नाही. रंगाचंही तसंच. जास्त वेळ थांबलेलं रक्त काळपट होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता जास्त म्हणजे किती? पुस्तकात आकडा आहे 80 मिलिलिटरचा. साधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, 80 च्या वर गेलं की जास्त. पण घरी कोण मोजणार? म्हणून 1990 साली ब्रिटनमध्ये एक तक्ता निघाला, तो मी कित्येक बायकांना वहीच्या मागच्या पानावर आखून दिलाय. पॅड बदलताना फक्त बघायचं. जेमतेम डाग असेल तर 1 गुण, अर्धंअधिक भिजलं असेल तर 5, पूर्ण भिजलं असेल तर 20. गुठळी रुपयाच्या नाण्याएवढी असेल तर 1, दहाच्या नाण्याएवढी किंवा मोठी असेल तर 5. सगळ्या दिवसांची बेरीज 100 च्या वर गेली तर स्राव जास्त आहे असं धरायचं.

माझ्या धाकट्या जावेचंच सांगते (तिला विचारून लिहितेय). तेव्हा ती 39 ची होती. तिची तक्रार गुठळ्यांची नव्हतीच, बर्फाची होती. तक्रार तरी कसली, तिला ती सवय वाटायची. उन्हाळ्यात रात्री आम्ही सगळे सराफ्यात गेलो. बाकीचे भुट्ट्याच्या किसावर तुटून पडलेले, आणि ही शिकंजीवाल्याकडून बर्फाचे खडे मागून कडाकड चावतेय. घरीही फ्रीजमधला ट्रे दुपारपर्यंत रिकामा. बर्फ चावत राहावंसं वाटणं ही शरीरात लोह कमी झाल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. मी तिथेच विचारलं, ‘अगं, पाळीत किती जातं तुझं?’ म्हणाली, ‘जातं तेवढंच वहिनी, सगळ्यांचं जातं तसं.’ दोन पॅड एकावर एक लावून झोपायची आणि ते सगळेच करतात असं समजायची.

पुढच्या पाळीत तिला तक्ता लिहायला लावला. पहिल्या दिवशी 12 गुण. दुसऱ्या दिवशी पूर्ण भिजलेले सहा पॅड, म्हणजे 120; अर्धे भिजलेले दोन, 10; मोठ्या गुठळ्या तीन, 15; लहान चार, 4. एकूण 149. तिसऱ्या दिवशी 102. मग जोर ओसरला, उरलेल्या तीन दिवसांत मिळून 25. बेरीज 288.

या बेरजेत एक गोष्ट बघा. सगळ्या पाळीतल्या गुठळ्यांचे मिळून गुण 26 होते. त्या काढून टाकल्या तरी 262 राहतात. घाबरवतात गुठळ्या, पण खरं सांगतात ते पॅड. म्हणून तुम्हालाही म्हणते, पुढच्या पाळीत गुठळ्या बघा, पण त्यापेक्षा पॅड मोजा.

तक्त्याची एक अडचणही सांगते. तो काढला तेव्हाचे पॅड आणि आजचे जेलवाले पातळ पॅड यांत फरक आहे. जेल रक्त आत ओढून घेतं, पॅड भरलेला असूनही वरून कमी दिसतो. पाळीभर एकाच प्रकारचे, एकाच आकाराचे पॅड वापरा आणि आकड्याला काटेकोर माप समजू नका. कप वापरत असाल तर सोपंच आहे, पुष्कळ कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात. दर वेळी ओतताना लिहून ठेवा.

जावेने याआधी एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी हिमोग्लोबिन केलं, 12.1 आलं, ‘नॉर्मल आहे, वयानुसार होतं’ म्हणून परत पाठवलं. इथे बायका नेहमी फसतात. शरीर आधी साठवलेलं लोह खर्च करतं, ते संपत आलं की मग हिमोग्लोबिन उतरायला लागतं. साठा कळतो फेरिटिनच्या तपासणीत. तिचं फेरिटिन आलं 6. ते 15 च्या खाली गेलं की साठा संपला असं मानतात. हिशेब साधा आहे: एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. 80 मिलिलिटर गेलं तर 40 मिलिग्रॅम. आणि आपण खातो त्यातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं, तेही रोजच्या झिजेत खर्चायचं असतं. दर महिन्याची ही तूट पालक आणि गुळाने भरत नाही.

सोनोग्राफीत तिच्या गर्भाशयात अडीच सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली. ऐकायला लहान, पण ती अस्तराच्या आत पोकळीकडे डोकावत होती. याच्या दुप्पट गाठ बाहेरच्या बाजूला असती तर कदाचित काहीच त्रास झाला नसता. फायब्रॉइडमध्ये आकारापेक्षा जागा महत्त्वाची, म्हणून रिपोर्टमध्ये सेंटिमीटर वाचून थांबू नका, गाठ कुठे आहे ते विचारा. जास्त स्रावाचं कारण प्रत्येकीत फायब्रॉइडच असेल असं नाही. गर्भाशयाच्या भिंतीत अस्तर शिरणं, पॉलिप, थायरॉइड, बीज वेळेवर न सुटणं, तांब्याची कॉपर-टी, यांतलं काहीही असू शकतं. एखाद्या मुलीला अगदी पहिल्या पाळीपासून असंच जात असेल, नाकातून वरचेवर रक्त येत असेल किंवा दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी करायला हवी. ती आपल्याकडे फार उशिरा होते.

जावेला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं, फक्त जोराच्या दिवसांत, दिवसातून तीनदा. ही गोळी हार्मोन नाही. तयार झालेली गुठळी विरघळू न देणं हे तिचं काम, त्यामुळे फाटलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं बंद राहतात. गंमत अशी की दुसऱ्या दिवशी ती धावत आली, ‘वहिनी, गोळी घेऊनही गुठळी पडली!’ पडणारच, गोळीच गुठळी टिकवणारी आहे. पॅड मोजले तर निम्म्यावर आले होते. मात्र पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात आधी कधी गुठळी झालेल्या बाईने ही गोळी घ्यायची नसते, तेव्हा शेजारणीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणू नका. पुढे दुर्बिणीने, पोटावर छेद न देता, तिची गाठ काढली. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब, असं पुढे सहा महिने चाललं. फ्रीजमध्ये बर्फ टिकायला लागला तो दुसऱ्या महिन्यापासूनच.

थांबू नये असे काही प्रसंग. पाळी लांबलेली असताना एकदम गुठळ्या आल्या तर आधी गर्भचाचणी करा. एका बाजूला पोटात जोराने दुखत असेल तर थेट दवाखाना. गुठळी बोटात दाबली की जेलीसारखी फुटते. करडी, पडद्यासारखी, न फुटणारी वस्तू पडली तर स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांना दाखवा, ती गुठळी नसून गर्भाचा किंवा अस्तराचा भाग असू शकतो. सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजतोय, उभं राहिलं की अंधारी येतेय, तर रात्रीचे दोन वाजले तरी जा. आणि सासूबाईंची पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल आणि त्यांना नुसता डाग दिसला, तर तुमच्या आधी त्यांना न्या.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘खूप जातं’ एवढंच म्हणू नका, ते प्रत्येक बाई म्हणते. ‘दुसऱ्या दिवशी सहा पॅड पूर्ण भिजले, रात्री दोनदा उठून बदलावे लागले, नाण्याएवढ्या तीन गुठळ्या पडल्या’ असं सांगा आणि वहीचं पान पुढे करा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही लिहून द्या म्हणा.

तुमचा पॅड किती तास टिकतो ते प्रश्नात नाही. ते खाली लिहा, मग नेमकं सांगते.