निरोपाच्या भाषणात रिटचिंगबद्दल काय सांगावं?

प्रश्न: आमच्या फोटोग्राफी वर्गाची बॅच या महिन्यात बाहेर पडतेय आणि निरोपाला मलाच बोलायचंय. माणसांच्या चेहऱ्यावर काम करताना प्रामाणिक राहा, एवढं म्हणून पोरं ऐकत नाहीत. सर, तुम्ही बेळगावात इतकी वर्षं शिकवताय, तुम्ही काय बोलता?

उत्तर: मी एकाच फोटोबद्दल बोलतो, स्थळासाठी काढलेल्या. आमची पोरं खानापूर, निपाणी, नाहीतर शहापूर-वडगावात स्टुडिओ टाकतात, आणि थोड्याच दिवसांत कुणाचा तरी बाप काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "जरा गोरी करा." पुढचं गिऱ्हाईक तेच कन्नडात सांगतं, "स्वल्प बेळ्ळग माडरी." गेल्या निरोपाला बोललो ते आठवेल तसं लिहितो.

पोरांनो, मी नवा असताना खानापूर तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर फोटोला आली होती. सावळी, नाकीडोळी नीटस, हनुवटीवर जुना वण. वडील म्हणाले तसं मी केलं. ऑरेंजचं ल्युमिनन्स +४० वर नेलं, वण पुसला, बारा प्रती दिल्या. माणूस गोरा असो की सावळा, कातडीचा रंग बहुतेक ऑरेंजमध्येच येतो, हे तुम्ही शिकलाय. पण सोनंही तिथंच, पिवळ्याला लागून येतं. चेहऱ्याबरोबर तिच्या गळ्यातली ठुशी फिकी पडली, खुर्चीचा लाकडी हातसुद्धा. मला तेव्हा दिसलं नाही. आज कुणाचा फोटो असा उजळलाय का हे मी आधी दागिन्यात बघतो. ब्रशनं नुसता चेहरा उजळला असेल तर दागिना वाचतो, पण मग कानाची पाळी आणि मनगट मूळ रंगाचं राहतं.

तीनेक महिन्यांनी ती एकटीच आली, उरलेल्या सात प्रती घेऊन. म्हणाली, "काका, बघायला येतात ते आधी माझ्याकडं बघतात, मग फोटोकडं, मग परत माझ्याकडं. आणि पोहे खाऊन जातात." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. जे तिला कधीच कमी नव्हतं ते कमी आहे असं मी बारा प्रतींत छापून दिलं होतं.

तिला पुन्हा बसवायच्या आधी मी पहिली मूळ फाइल उघडली. तीही खरी नव्हती! फोटोत ती होती त्याहून काळी आली होती. मागं पांढरा पडदा आणि मीटर ऑटोवर. मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणू बघतं, पांढरं जास्त दिसलं की उजेड कमी करतं, आणि चेहरा एखादा स्टॉप खाली जातो. म्हणजे वडिलांची तक्रार अर्धी रास्त होती. त्यांना उजेड हवा होता, मी रंग बदलला.

या वेळी तिच्या हातात ग्रे कार्ड दिलं, चेहऱ्यावर पडतो तोच उजेड कार्डावर पडेल असं धरायला लावलं, स्पॉट मीटरनं कार्ड मोजून एक्सपोजर मॅन्युअलला पक्कं केलं. व्हाइट बॅलन्सही त्याच कार्डावरून. उत्तरेची खिडकी, दुसऱ्या अंगाला पांढरा थर्माकोल, मागं करडा पडदा. चेहरा पहिल्या फाइलपेक्षा स्पष्ट उजळ आला आणि सावळाच राहिला. ठुशी सोन्याची दिसली. कपाळावर त्या दिवशी आलेली पुटकुळी मी काढली, कारण पंधरा दिवसांत ती आपोआप जाणार होती. वणाचं तिला विचारलं. "लहानपणी उंबऱ्यावर पडले होते, असू दे," म्हणाली. तीळ, वण, गोंदण यांना मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि इथं मालक म्हणजे जिचा चेहरा ती, पैसे देणारा बाप नव्हे.

नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातीत कुणाचा बांधा किंवा कातडी बदलली असेल तर फोटोवर तसा शिक्का मारावा लागतो. आपल्याकडच्या बायोडेटाच्या फोटोवर असा शिक्का कुणी मारणार नाही. तो बघणाऱ्याला तुमच्याशिवाय कुणी सांगणारा नाही.

भाषण एवढंच. "बापाला काय सांगायचं?" हे पोरं हमखास विचारतात. मी वाद घालत नाही. मुलीला स्क्रीनशेजारी उभी करतो, खोलीतला पिवळा दिवा बंद करून खिडकीचा उजेड घेतो आणि त्यांनाच दोन्हीकडं बघायला सांगतो. बरेचजण तिथंच मानतात. न मानणारेही असतात. ते दुसऱ्या स्टुडिओत जातात, आणि ते काम गेलं म्हणून धरायचं, हेही पोरांना आधीच सांगा.

एक करून बघा. त्या सातांतली एक प्रत तिनं मला ठेवू दिली. तिच्या परवानगीनंच, चेहरा कागदानं झाकून, ती नव्या फोटोशेजारी टेबलावर ठेवतो आणि विचारतो, यातला खोटा कुठला? नुसता गळा आणि मनगट बघून पोरं आपापसात बोलायला लागतात, आणि कुणीतरी ठुशीवर बोट ठेवतंच.