पत्रिका जुळवताना ३६ पैकी गुण कसे काढतात? कुठलं कूट नक्की काय बघतं? आमचे साडेसतरा आलेत म्हणून घरचे नको म्हणतायत.

साडेसतरा म्हणजे पासिंगला अर्धा मार्क कमी, आणि त्या अर्ध्या मार्कावरून घरात तोंडं पाडून बसलेत, बरोबर ना? माझे एकोणीस आले होते, म्हणजे पास, तरी मोडलं. म्हणून लिहितेय, नाहीतर या विषयावर मी आता सहसा बोलत नाही.

आठ कुटं माहितीच असतील. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट म्हणजे राशीकूट ७, नाडी ८. बेरीज ३६. मंगळ यात कुठेच नाही, तो वेगळा बघतात, लोक उगाच एकत्र करतात. आणि यातलं एकही कूट अख्खी पत्रिका बघत नाही. फक्त दोघांचा चंद्र. लग्नरास, सप्तम स्थान, शुक्र, गुरू, काही नाही. चंद्र कुठल्या राशीत आणि कुठल्या नक्षत्रात, एवढ्यावर सगळं. त्यातही वर्ण, वश्य, ग्रहमैत्री आणि भकूट हे राशीवरून म्हणजे १५ गुण, आणि तारा, योनी, गण, नाडी हे नक्षत्रावरून म्हणजे २१. हे मला कोणी शिकवलं नाही, पंचांगातलं मेलनाचं कोष्टक घेऊन स्वतः बसले तेव्हा कळलं. का बसले ते सांगते.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या अंगाला. १९९४ ला मला चिपळूणकडचं स्थळ आलं, मुलगा मुंबईत नोकरीला, दोन्ही घरं पसंत, मुलगा मलाही आवडलेला. आजीने आमच्या आधीच जाऊन ग्रामदेवीला कौल लावला होता, परत आली ती हसतच, म्हणाली "उजवा दिलान गो देवीने." पण मोठे काका म्हणजे घरातलं हायकोर्ट. पत्रिका त्यांच्या ताब्यात. ते गुरुजींकडे जाऊन आले आणि पडवीत बसून सगळ्यांसमोर सांगितलं, गुण एकोणीस आहेत पण मृत्युषडाष्टक आहे. बास. त्या एका शब्दानंतर आईसुद्धा काही बोलली नाही. मृत्यू म्हटल्यावर कोण बोलणार?

आता ते एकोणीस कसे आले ते बघा. मी चित्रा नक्षत्र, कन्या रास. मुलगा कृत्तिका, पहिला चरण, म्हणजे मेष.

वर्ण: मेष क्षत्रिय, कन्या वैश्य. मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा असला की १, नाहीतर शून्य. याचा तुमच्या जातीशी काही संबंध नाही, राशींना दिलेली नावं आहेत ती. पण नवरा वरचाच पाहिजे हा हिशोब कोणी बसवला असेल ते सांगायला नको. असो, मिळाला १. वश्य म्हणजे कोण कोणाच्या कह्यात राहील, त्यासाठी राशींचे मानव, चतुष्पाद, जलचर असे गट पाडलेत, मेष चतुष्पाद आणि कन्या मानव, त्याचा आमच्या कोष्टकात १.

तारा मोजायची असते. मुलीच्या नक्षत्रापासून मुलाच्या नक्षत्रापर्यंत मोजा, नऊने भागा, बाकी ३, ५ किंवा ७ उरली तर वाईट. मग उलटं मुलाकडून मुलीकडे मोजा. प्रत्येक बाजूला दीड गुण. चित्रापासून कृत्तिका सतरावं, बाकी ८, चांगली. कृत्तिकेपासून चित्रा बारावं, बाकी ३, विपत. म्हणून दीडच. हे दीक्षेसारखं गंभीर तोंड करून सांगतात पण बोटावर मोजता येतं.

योनी म्हणजे शरीराचं जमणं, हे मोठ्या माणसांसमोर कोणी नीट सांगत नाही. प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी, माझा वाघ, त्याचा मेंढा. वाघाचं हाडवैर गायीशी असतं, मेंढ्याशी नाही, म्हणून शून्य नाही, १ मिळाला. गण दोघांचाही राक्षस, त्यामुळे पूर्ण ६. (राक्षस-राक्षस चालतं, वाईट फक्त वेगळे पडले की. मला लहानपणापासून राक्षसगणी म्हणून चिडवायचे, तिथे कामाला आला.) नाडी माझी मध्य, त्याची अंत्य, वेगवेगळी, म्हणून ८ पैकी ८. नाडी संततीसाठी बघतात, एकनाड असली की सरळ शून्य. नाडी म्हणजे ब्लड ग्रुप असं जे फॉरवर्ड येतं ते थापा आहेत, ज्यांनी हे कोष्टक केलं त्यांना ब्लड ग्रुप माहीतच नव्हते.

राहिलं ग्रहमैत्री आणि भकूट, आणि आमचं तिथेच बुडालं. ग्रहमैत्री म्हणजे मनं जुळणं, ते राशींच्या स्वामींवरून. मेषेचा मंगळ, कन्येचा बुध. मंगळ बुधाला शत्रू मानतो, बुध मंगळाला सम. शत्रू-सम म्हणजे अर्धा गुण. भकूट म्हणजे एकमेकांपासून राशी कितव्या. मेषेपासून कन्या सहावी, कन्येपासून मेष आठवी, हे षडाष्टक, शून्य. आणि स्वामींचं जमत नाही म्हणून ते मृत्युषडाष्टक. तेच मेष-वृश्चिक असतं तर दोन्हींचा स्वामी मंगळ, त्याला प्रीतिषडाष्टक म्हणतात आणि चालवून घेतात.

करा बेरीज. १, १, दीड, १, अर्धा, ६, शून्य, ८. एकोणीस.

मोडलं. त्याचं दुसरीकडे झालं, माझं नंतर झालं, ती गोष्ट वेगळी. पुढे सात-आठ वर्षांनी शिमग्याला गावी गेले होते, शेजारची आजी अंगणात पालखीची वाट बघत बसलेली, बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या वेळेला मीच कंदील घेऊन सुईणीला आणायला गेलेले, वस्तीची गाडी तेव्हा वडाखाली येऊन लागली होती." मी म्हटलं काय? वस्तीची गाडी आमच्याकडे नऊ वाजता यायची. माझ्या पत्रिकेत जन्मवेळ आहे सहा चाळीस, दिवेलागण. आईला विचारलं तर ती म्हणाली मला कुठलं घड्याळ, काकांनी लिहिलं तेच. काकांची वही काढली. झालं होतं असं, की त्या संध्याकाळी आईला कळा सुरू झाल्याचं त्यांना सांगितलं, त्यांनी वेळ टिपली आणि देवळात भजनाला निघून गेले! रात्री परत आले तेव्हा मी झालेली होते. वहीतली वेळ कोणी बदललीच नाही.

आता यात फरक काय पडतो? चंद्र साधारण दोन तासात एक अंश आणि थोडा वर सरकतो. सहा चाळीसला माझा चंद्र कन्येच्या अगदी शेवटी, सव्वाएकोणतीस अंशावर होता. चित्रा नक्षत्र अर्धं कन्येत, अर्धं तुळेत आहे. नऊ-सव्वानऊला चंद्र तुळेत गेलेला होता. नक्षत्र तेच, म्हणून तारा, योनी, गण, नाडीचे गुण जसेच्या तसे. रास बदलली. वर्ण, वश्य यांचे गुणही तेवढेच राहिले. पण तुळेचा स्वामी शुक्र, मंगळ आणि शुक्र एकमेकांना सम, म्हणून अर्ध्याचे ३ झाले. आणि मेषेपासून तूळ सातवी, समसप्तक, भकूट पूर्ण ७. एकूण साडेअठ्ठावीस.

तोच मुलगा, तीच मी. अडीच तासांत मृत्युषडाष्टकाचं समसप्तक. ही बेरीज मी चुलीसमोर बसून तीनदा केली.

काकांना दाखवली तर म्हणाले, "वेळ चुकली असेल, शास्त्र नाही चुकलं." मग काका, वेळ कोणी चुकवली? उठून गोठ्यात गेले. आजपर्यंत उत्तर नाही.

तर तुमच्या साडेसतराचं. बेरीज सोडा, आठ आकडे वेगवेगळे मागा. नाडी आणि भकूट ही दोन कुटं बहुतेक सगळं नाहीतर शून्य अशीच असतात, दोघांचे मिळून १५ गुण. तुमची ही दोन्ही गेली असतील तर उरतात २१, त्यातले साडेसतरा म्हणजे बाकी जवळजवळ सगळं जुळलंय. उलट ही दोन्ही पूर्ण मिळाली असतील तर उरलेल्या २१ पैकी अडीचच मिळालेत. आकडा एक, पत्रिका दोन टोकांच्या. आणि हे शून्य काही दुर्मिळ नाही. सत्तावीस नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत, म्हणजे डोळे मिटून जोड्या लावल्या तरी साधारण तीनातली एक एकनाड निघणार. भकुटात तर २-१२, ५-९ आणि ६-८ अशी बारापैकी सहा अंतरं बाद, म्हणजे निम्म्या जोड्या. निम्म्या कोकणाची लग्नं मोडायची का मग?

एक सांगायचं राहिलं, सगळ्यांची कोष्टकं सारखी नसतात. वश्य, योनी आणि गणात देव-मनुष्य किंवा देव-राक्षस असेल तर एक-दीड गुणाचा फरक गुरुजींगणिक पडतो, अ‍ॅपचं वेगळंच. म्हणजे तुमचा तो अर्धा गुण दुसऱ्या कोष्टकात मिळूनही जाईल, त्यावर अडू नका. शिवाय भकूट आणि नाडीला परिहार असतात, राशीस्वामी एकच किंवा मित्र असले, नक्षत्र एक पण चरण वेगळे असले, असे बरेच. गुरुजींना विचारलं तर सांगतात, न विचारता फार कमी. आणि हो, साडेअठ्ठावीस गुण असून तो संसार चांगला झाला असता असं माझं म्हणणं नाही, काय माहीत, भांडून वेगळेही झालो असतो. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

दोघांच्या पत्रिकेत चंद्राचे अंश बघा. कुठल्याही राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या अंशात असेल, किंवा नक्षत्राच्या काठावर, तर जन्मवेळ कुठून आली ते शोधा. हॉस्पिटलच्या कागदावरची असेल तर ठीक. घरी लिहिलेली असेल तर ती कोणी लिहिली आणि तेव्हा तो माणूस घरात होता की भजनाला, हे घरातल्या एखाद्या म्हातारीला विचारा, काकांना नको.