तारकर्लीचा हिशोब आणि कार्डाचं बिल

*आम्ही पाच मित्र कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये राहतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तारकर्लीला जाऊन आलो. गाडी १६,०००, खोल्या १२,०००, जेवणखाण १०,००० (त्यात पहिल्या दिवसाचे २,०००), स्कूबा ४,५००. जेवणाचे ४,००० 'ब'ने रोख दिले, बाकी सगळं माझ्या क्रेडिट कार्डावर. स्कूबा मी, 'अ' आणि 'ब' यांनीच केलं. 'ड'ची रजा आयत्या वेळी अडकली, तो दुसऱ्या दिवशी एसटीने आला. मैत्री न दुखावता पैसे कसे मागू? तशी घाई नाही. कार्डाचं बिल ४५,००० होतं, ३ जानेवारीला मिनिमम २,२५० भरलेत. ५०,०००ची एफडी आहे, पण ती मोडायची नाही. उरलेल्या रकमेचे १२ हप्ते करून देतो, असा बँकेतून फोन आला होता. घेऊ का?*

घाई आहे, आणि ती मित्रांची नाही, तुमची आहे.

मिनिमम भरल्याने फक्त लेट फी टळते. व्याज टळत नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खर्चाच्या तारखेपासून लागतं. दर महिना साडेतीन टक्के धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तर पुढच्या स्टेटमेंटमध्ये साधारण अडीच हजार दिसतील. त्यानंतर दरमहा पावणेदोन हजारांच्या आसपास. शिवाय आज त्याच कार्डावर किराणा घेतलात तर त्यावरही आजपासूनच व्याज. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तुमची एफडी वर्षाला सहा-सात टक्के देते, कार्ड वर्षाला बेचाळीस टक्के घेतं. एफडी मुदतीआधी मोडली तर सहसा व्याजदर एखाद टक्क्याने कमी होतो, म्हणजे काही शे रुपयांचं नुकसान. आजच मोडा. भरण्याआधी बँकेला फोन करून आजच्या तारखेपर्यंतचं व्याज धरून किती भरायचं ते विचारा. तरीही पुढच्या स्टेटमेंटमध्ये मागचं थोडं व्याज उमटू शकतं. तेही पूर्ण भरा. तोवर कार्ड पाकिटात राहू द्या.

हप्त्यांचं म्हणाल तर सोळा टक्के दर धरून व्याज, जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मिळून वर्षभरात पाचेक हजार जातील. आठवड्याभरात वसूल होणाऱ्या पैशांसाठी वर्षाचं कर्ज कशाला? फोन करणाऱ्याला टार्गेट असतं, तुम्हाला नाही.

एक गोष्ट कटू आहे. हे व्याज मित्रांवर टाकू नका. तुम्ही महिनाभर हिशोबच पाठवला नाहीत, त्याचं भाडं त्यांनी का द्यावं?

आता वाटणी. जे 'ड'च्या होकारावर बुक झालं, त्यात तो पूर्ण वाटेकरी. गाडी आणि खोल्या तो उशिरा आला म्हणून स्वस्त झाल्या नाहीत. एसटीचं तिकीट त्याचं त्याच्याकडे. पण जे त्याने खाल्लंच नाही, त्याचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. बुकिंगच्या आधी त्याने एक दिवस उशिरा येतो म्हणून सांगितलं असतं, तर खोलीचीही एक रात्र वजा केली असती.

मेसेज असा टाका:

> तारकर्लीचा हिशोब, एकूण ४२,५००.
> गाडी १६,००० ÷ ५ = ३,२००
> खोल्या १२,००० ÷ ५ = २,४००
> जेवण: पहिला दिवस २,००० ÷ ४ = ५०० ('ड' नव्हता), पुढचे ८,००० ÷ ५ = १,६००
> स्कूबा: मी, अ, ब, प्रत्येकी १,५००
>
> मला द्यायचे: अ ९,२००. ब ९,२०० वजा दिलेले ४,००० = ५,२००. क ७,७००. ड ७,२००. माझा वाटा ९,२००.
>
> बिलांचे फोटो खाली टाकतोय. काही चुकलं असेल तर १० तारखेपर्यंत सांगा. पैसे १२ जानेवारीच्या रात्रीपर्यंत यूपीआयने पाठवा आणि नोटमध्ये 'तारकर्ली' लिहा. उशीर केला ही चूक माझी.

चौघांचे मिळून २९,३०० आणि तुमचे ९,२०० म्हणजे ३८,५००, म्हणजे कार्डावरचा सहलीचा खर्च बरोबर जुळतो. पाठवण्याआधी ही बेरीज एकदा कराच. शंभर रुपये चुकले तरी सगळी चर्चा त्या शंभरावरच होते.

मेसेज ग्रुपवर टाका, पण आठवण मात्र ज्याची त्याला वेगळी करा, ११ तारखेला एकदाच. ऑक्टोबर २०२५पासून यूपीआयवर ओळखीच्या माणसाला पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवता येत नाही. त्यामुळे अॅपमध्ये रक्कम भरून स्वतःचा क्यूआर तयार करा आणि तो प्रत्येकाला पाठवा.

कुणाला पूर्ण रक्कम जड जात असेल, 'ड'ला बहुधा जाईल, तर निम्मी १२ला आणि निम्मी ५ फेब्रुवारीला. ही तारीख त्याच्याकडूनच ग्रुपवर लिहून घ्या. वसूल झालेले पैसे जमतील तसे परत एफडीत टाका.