पत्र पाठवा, पण हे नव्हे

*ताई, मी ६३ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एकुलता एक मुलगा पुण्यात असतो. सून आहे, साडेतीन वर्षांची नात आहे. गेल्या गणपतीत सगळे घरी आले होते. नातीने नैवेद्याच्या ताटाला हात लावला म्हणून ह्यांनी तिला चापट मारली. मी म्हणाले, "एवढं काय झालं, आजोबाच आहेत." त्याच रात्री मुलगा सगळ्यांना घेऊन निघून गेला. दोन दिवसांनी त्याचा लांबलचक मेसेज आला. दहावीच्या वर्षी ह्यांनी त्याला पट्ट्याने मारलं, रात्री जिन्यात उभं केलं आणि सकाळी मी त्यालाच माफी मागायला लावली, हे सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'तू कधीच मध्ये पडली नाहीस. माझ्या मुलीच्या बाबतीत ते होऊ देणार नाही. मला फोन करू नका.' तेव्हापासून आमचे नंबर ब्लॉक आहेत. भावाला मध्ये घातलं, सुनेच्या आईला फोन केले, दिवाळीला फराळाचे डबे घेऊन सोसायटीच्या गेटवर गेले. वॉचमनने वर विचारलं आणि मला परत पाठवलं. भाऊ म्हणतो, ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज टाक, आपोआप ताळ्यावर येईल. मी मुलाला एक पत्र लिहिलंय, सोबत जोडते. पाठवू का? सगळ्याच घरांत मारायचे हो तेव्हा.*
*— एक आई*

नाही, हे पत्र पाठवू नका. पत्र पाठवायचंच आहे, पण दुसरं.

आधी भावाचा सल्ला निकालात काढू. २००७ चा तो कायदा ज्या आईवडिलांना स्वतःच्या उत्पन्नावर किंवा मालमत्तेवर निर्वाह चालवता येत नाही, त्यांना मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा म्हणून आहे. तुम्हाला पेन्शन आहे. शिवाय मुलाने आईशी बोलावं, असा हुकूम त्या कायद्याखाली निघत नाही. मुलाच्या हाती पडेल ती प्रांत कार्यालयाची नोटीस, आणि त्यावर अर्जदार म्हणून आईचं नाव असेल. त्यानंतर कुठलंच पत्र उपयोगाचं राहणार नाही.

भावालाही एक वाक्य सांगून मोकळं करा, "तू आता त्याला काही बोलू नकोस." व्याह्यांनाही तसंच सांगा. तुम्हाला वाटतं मध्यस्थ गाठ सोडवतोय. मुलाला दिसतं ते एवढंच, की 'फोन करू नका' असं स्पष्ट लिहूनही आई ऐकत नाही, फक्त वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून बोलते. गेटवरच्या डब्यांचंही तेच झालं. वॉचमनने वर फोन केला तेव्हा 'नको' म्हणणं मुलाला किंवा सुनेला भाग पडलं, आणि ती सलही तुमच्याच खात्यात जमा झाली. त्याने फोन नको म्हटलंय, पत्र नको असं म्हटलेलं नाही. म्हणून एक पत्र चालेल. एकच.

आता तुमचा मसुदा. मी तो दोनदा वाचला. चार पानं आहेत आणि त्यातली साडेतीन 'आम्ही'ने सुरू होतात. 'आम्ही पोटाला चिमटा घेऊन तुला शिकवलं', 'आम्ही तुझ्या इंजिनिअरिंगसाठी सोसायटीचं कर्ज काढलं'. खरं असेल, आहेच. पण त्याच्या मेसेजमध्ये शिक्षणाबद्दल एक अक्षर नाही. ज्याबद्दल तक्रारच नाही त्याचा हिशेब मांडला, की वाचणाऱ्याला ते बिल वाटतं. मग पुढे 'ह्यांची बीपीची गोळी वाढवलीय' आणि 'नातीच्या आठवणीने घास उतरत नाही'. ही दोन्ही वाक्यं त्याला अपराधी वाटावं म्हणून लिहिली आहेत, हे तुम्हालाही आतून ठाऊक असणार. तो येईलही कदाचित, पण दवाखान्यात भेटायला येतात तसा येईल आणि परत जाईल.

सगळ्यात जड वाक्य आहे, 'जर तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर, पण त्या काळी सगळेच मारायचे.' यातला 'जर' म्हणजे त्याने सांगितलेल्या गोष्टीवर शंका, आणि 'पण' म्हणजे वकिली.

आता त्याचा मेसेज पुन्हा काढा आणि शिक्षिकेच्या नजरेने वाचा. प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांना तुम्ही किती वेळा झापलं असेल! पट्ट्याने मारलं ते बाबांनी. तुमच्यावर त्याचा आरोप तो नाहीच. तुम्हाला तो विचारतोय की बाबा मारत होते तेव्हा तू कुठे होतीस, आणि सकाळी माफी माझ्याकडून का मागवलीस. 'सगळ्याच घरांत मारायचे' हे या दोन्हींचं उत्तर होत नाही. आणि गणपतीतलं तुमचं 'एवढं काय झालं' त्याला इतकं का लागलं? मधल्या वर्षांत तुम्ही बदलला असाल, अशी थोडी आशा त्याला होती म्हणून तो मुलीला घेऊन सणाला आला होता. त्या एका वाक्यात त्याला तीच सकाळ पुन्हा ऐकू आली, आणि या वेळी जागेवर त्याची मुलगी उभी होती.

म्हणून पत्र असं काहीतरी असावं. एका पानाच्या आत, हाताने लिहिलेलं, घरी त्याला ज्या नावाने हाक मारता त्या नावाने सुरू होणारं:

*'तुझा मेसेज मी पुन्हा वाचला. दहावीच्या वर्षी बाबांनी तुला पट्ट्याने मारलं आणि रात्री जिन्यात उभं केलं. मी आत होते. मी दार उघडलं नाही. सकाळी तुलाच माफी मागायला लावली. माझं चुकलं. गणपतीत बाबांनी छोटीवर हात उचलला तेव्हाही मी तिच्या बाजूने उभी राहिले नाही. तू तिला घेऊन गेलास ते बरोबर केलंस. तू फोन करू नका म्हणालास, तरी मी मामाला मध्ये घातलं आणि गेटवर आले. ते पुन्हा होणार नाही. या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. — आई'*

हे जसंच्या तसं उतरवू नका. 'मी आत होते' हे मी अंदाजाने लिहिलंय. खरं काय घडलं ते तुम्हाला माहीत. ती रात्र नीट आठवत नसेल तर तसं लिहा, 'मला सगळं आठवत नाही, पण तू सांगतोस ते घडलं, यावर माझा विश्वास आहे.' मारणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या लक्षात राहत नाही असं पुष्कळदा होतं; मार खाणाऱ्याला जिन्यातला दिवासुद्धा आठवतो. त्याच्या आठवणीतल्या बारीकसारीक चुका काढायचा मोह होईल, 'पट्टा नव्हता, पट्टी होती' वगैरे. तो आवरा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांनी तुटलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या नात्यांतल्या पुष्कळ माणसांशी बोलून अभ्यास केला. जुळलेल्यांमध्ये त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली. भूतकाळाची माझीच हकीकत खरी हे समोरच्याने मान्य करावं, हा हट्ट त्यांनी सोडून दिला होता.

'मला माफ कर' हे मी मुद्दाम घातलेलं नाही. ते म्हटलं की पुढचं काम त्याच्यावर येतं, करायचं की नाही ते ठरवण्याचं. 'माझं चुकलं' यात काम तुमच्याकडेच राहतं. आणि नातीला भेटण्याचा विषय पत्रात अजिबात नको. भेटीची मागणी आली की वरची सगळी कबुली तिच्यासाठीच केली होती असं वाटतं. तिच्या वाढदिवसाला वाळे-पैंजण पाठवण्याचा विचार असेल तर तोही सध्या बाजूला ठेवा.

आता ह्यांचं. 'बाबांनाही पश्चात्ताप झालाय' असं लिहू नका, कारण तुमच्या पत्रावरून तरी तो झालेला दिसत नाही. ते चूक मान्य करेपर्यंत थांबूही नका; तुम्ही तुमच्यापुरतं लिहा. पत्र त्यांना दाखवायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण त्यांच्याकडून तपासून घेऊ नका. मुलाने पुढेमागे बोलणं सुरू केलंच, तर त्याचा पहिला प्रश्न असेल, 'बाबा पुन्हा तसं वागले तर?' त्याचं उत्तर आत्ताच ठरवून ठेवा. 'छोटी घरी असेल तेव्हा मी तिला त्यांच्याजवळ एकटी सोडणार नाही आणि ते आवाज चढवायला लागले तर मी तिला घेऊन बाहेर पडेन' असं तुम्हाला पाळता येईल का? येणार नसेल तर कबूल करू नका. त्यापेक्षा 'तू म्हणशील तिथे मी एकटी पुण्याला येईन' हे तुमच्या आवाक्यातलं आहे आणि त्यालाही झेपेल.

इथे एक विचारते, रागावू नका. मुलावर हात उचलणारा माणूस बायकोवर उचलत नव्हता का? मध्ये न पडण्याचं कारण ती भीती असेल, तर ते पहिल्या पत्रात घालू नका. त्याला ते पुन्हा वकिली वाटेल. पण स्वतःशी मात्र लपवू नका. आणि अजूनही तसं घडत असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

पत्र साध्या पाकिटात घाला, तिकीट लावा, पेटीत टाका. स्पीड पोस्ट नको. दारात पोस्टमन सही मागतो तेव्हा माणसाला कोर्टाचा कागद आल्यासारखं होतं. साधं पत्र तो घेईल, आठवडाभर टेबलावर ठेवेल, वाटलं तर उघडेल. ते मिळालं का याची चौकशी कुणामार्फतही करायची नाही.

मग बहुधा काहीच येणार नाही. दिवाळी येईल, संक्रांत येईल. महिन्याने दुसरं पत्र पाठवलंत तर पहिल्यातलं 'उत्तर द्यायलाच हवं असं नाही' खोटं ठरेल. त्याच्या वाढदिवसाला एका ओळीचं कार्ड चालेल, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, आई' एवढंच. त्यात 'तुझी वाट बघणारी' वगैरे नको. निदान वर्षभर याच्या पुढे जाऊ नका. या काळात झोप लागत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. भावाला रोज तेच सांगत बसण्यापेक्षा ते बरं. तो पुन्हा अर्जावर येईल.

आणि उत्तर आलंच, तर ते गोड असेल अशी तयारी करू नका. 'आता सुचलं का तुला हे?' असं काहीतरी येण्याचा संभव जास्त. त्यात अजून दोन-तीन जुन्या गोष्टी असतील, ज्या पहिल्या मेसेजमध्ये नव्हत्या. हे वाईट लक्षण समजू नका. पहिल्या गोष्टीवर तुम्ही भांडला नाहीत, म्हणून तो पुढच्या सांगून बघतोय. त्या वेळी 'मी लिहिलं ना माझं चुकलं म्हणून' हे वाक्य जिभेवर येईल. ते लिहू नका. 'वाचलं. हे मला माहीत नव्हतं' किंवा 'हो, हेही झालं होतं' एवढंच पाठवा, त्याच दिवशी. उत्तर सुनेच्या नंबरवरून आलं तर तिलाच उत्तर द्या, आणि 'त्याने स्वतः का नाही लिहिलं' हे तिला विचारू नका.