ट्रायलच्या पाहुण्यांकडून खरा फीडबॅक कसा काढायचा?

प्रश्न: प्रतापनगरात आमचं ४० खुर्च्यांचं वऱ्हाडी जेवणाचं रेस्टॉरंट पुढच्या महिन्यात सुरू होतंय. आधी ओळखीच्या लोकांना बोलावून ट्रायल घ्यायची आहे. किती दिवस घ्यावी आणि फीडबॅक फॉर्ममध्ये काय विचारावं?

उत्तर: तीन संध्याकाळी घ्या, पण लागोपाठ नको. मधला एकेक दिवस दुरुस्तीसाठी मोकळा ठेवा. सोमवार, गुरुवार, शनिवार टाळा. त्या दिवशी आपल्याकडची बरीच मंडळी मटणाला हात लावत नाहीत, त्यामुळे अर्ध्या मेन्यूची परीक्षाच होत नाही. फूड लायसन्स हातात आल्याशिवाय मात्र कोणालाही बोलावू नका.

मनीषनगरला आम्ही सुरू केलं तेव्हा पहिल्या संध्याकाळी ३२ जणांना साडेआठची वेळ दिली होती, जेवण फुकट. फॉर्ममध्ये विचारलं, ‘जेवण कसं वाटलं?’ सगळ्यांनी लिहिलं, ‘मस्त’. आणि त्याच संध्याकाळी शेवटच्या टेबलाला भाकर मिळायला ४० मिनिटं लागली होती! फुकट जेवलेला माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही अर्धे पैसे घेतले आणि फॉर्म बदलला. तीनच प्रश्न ठेवले: ताटात काय उरलं आणि का? कशासाठी सगळ्यात जास्त थांबावं लागलं? कोणता पदार्थ पुन्हा मागवणार नाही?

पण खरा उपयोग झाला तो फॉर्मच्या कोपऱ्यातल्या दोन आकड्यांचा. वाढपी फॉर्म देतानाच त्यावर केओटीचा, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीचा, नंबर आणि टेबलावर जेवण लागल्याची वेळ लिहायचा. शिवाय भांडी घासणाऱ्या ताईंजवळ एक वही ठेवली होती, कोणत्या पदार्थाची वाटी अर्धी परत आली याच्या रेघा मारायला.

दुसऱ्या संध्याकाळचे फॉर्म रात्री पसरून बसलो. सावजी रश्श्याबद्दल काहींनी ‘एकदम बरोबर’ लिहिलं होतं, काहींनी ‘खारट’. आमचे आचारी म्हणाले, ‘‘भाऊ, ज्याची त्याची जीभ. मीठ मी मोजून टाकतो.’’ ते खोटं बोलत नव्हते. पण फॉर्म वेळेप्रमाणे लावले तर खारटच्या सगळ्या तक्रारी साडेनऊनंतरच्या निघाल्या. वहीतल्या रश्श्याच्या रेघाही उशिराच्याच. मोठं पातेलं संध्याकाळपासून मंद आचेवर उघडं होतं. पाणी उडत गेलं, मीठ तेवढंच राहिलं. मीठ कमी केलं असतं तर साडेसातचं गिऱ्हाईक अळणी रस्सा जेवलं असतं. आम्ही मिठाला हातच लावला नाही. रस्सा तीन लहान झाकणाच्या पातेल्यांत विभागला, आणि एक संपत आलं की दुसरं उकळी आणून घ्यायचं ठरवलं. तिसऱ्या संध्याकाळी खारटची एकही तक्रार नव्हती.

भाकरीचा घोळ तर साधं गणित मांडल्यावर कळला. आमच्या काकू दोन तव्यांवर तासाला २५ ते ३० ज्वारीच्या भाकरी करत. ३२ माणसांना दोन-दोन धरल्या तरी ६४ भाकरी, आणि मागणी सगळी पहिल्या अर्ध्या तासात. काकूंना घाई करायला सांगून काय होणार? कच्ची भाकर बाहेर येणार. आम्ही भाकरीसाठी आणखी एक बाई आणि दोन तवे वाढवले आणि पाहुण्यांना दर १५ मिनिटांनी आठ-आठच्या गटाने बसवलं. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळ लागला तो १८ मिनिटं.

तुमची पहिली संध्याकाळ २० पाहुण्यांची असू द्या, तीही थोडक्या पदार्थांवर. तिसऱ्या संध्याकाळी मात्र सगळ्या खुर्च्या भरा, नाहीतर गर्दीत किचन कुठे अडतं ते दिसणारच नाही. अर्धे तरी लोक तुमच्या नात्यातले नसावेत; आम्ही शेजारच्या बँकेतल्या आणि दुकानांतल्या लोकांना बोलावलं होतं. आणि एका दिवशी दोनच दुरुस्त्या करा. मसाला, माणसं आणि बसायची पद्धत एकाच दिवशी बदललीत तर कशाने फरक पडला ते तुम्हाला सांगता येणार नाही.

किमतीबद्दल मात्र या फॉर्मवर विसंबू नका. अर्ध्या पैशात जेवलेल्याला पूर्ण दर महाग वाटेल की नाही, हे उघडल्यावरच कळतं. आम्ही त्यासाठी पहिले पंधरा दिवस मेन्यूकार्ड साध्या कागदावर छापलं होतं, आणि पाटोडी रश्श्याचा दर त्यात दोनदा बदलला.